पिवळ्या दिव्याचे तीन सेकंद

हिरवा म्हणजे जा, लाल म्हणजे थांबा, आणि पिवळा? बालवाडीतल्या मुलाला विचारले तर ते छातीठोकपणे सांगते, ‘तयार राहा’. त्याच्या वडिलांना विचारले तर ते ‘हळू व्हा’ म्हणतील. आणि चौकात उभे राहून गाड्या पाहिल्या तर बहुतेकांना पिवळ्याचा अर्थ ‘पटकन निघा’ असा वाटतो, असेच दिसेल. तीन उत्तरे, तिन्ही चुकीची.

कायद्याच्या भाषेत पिवळा दिवा थांबायलाच सांगतो. रस्त्यावरील चिन्हे आणि सिग्नल यांच्यासंबंधी 1968 साली व्हिएन्नात झालेला आंतरराष्ट्रीय करार भारताने 1980 मध्ये स्वीकारला. त्यात पिवळ्याचा अर्थ नेमका दिला आहे. स्थिर पिवळा दिवा एकटा लागला की कोणत्याही वाहनाने थांबण्याची रेषा ओलांडू नये. याला अपवाद एकच आहे. दिवा पिवळा होताना गाडी रेषेच्या इतकी जवळ असेल की सुरक्षितपणे थांबता येणारच नाही, तर तिने पुढे जावे. ब्रिटनचा वाहतूक नियमही हेच सांगतो. आपल्याकडच्या नियमांची चौकटही याच धर्तीची आहे.

‘तयार राहा’ हा अर्थ मात्र अगदीच निराधार नाही. ब्रिटनमध्ये लाल संपून हिरवा लागण्याआधी 2 सेकंद लाल आणि पिवळा असे दोन्ही दिवे एकत्र लागतात. तिथे त्या जोडीचा अर्थ खरोखर ‘थांबूनच राहा, पण निघायची तयारी करा’ असा आहे. आपल्या चौकांत सहसा लालनंतर थेट हिरवा लागतो, आणि पिवळा येतो तो हिरव्यानंतर, लालच्या आधी. म्हणजे तयारी करायचीच असेल तर ती थांबण्याची.

इथवर सगळे सोपे आहे. अडचण आहे ती त्या एका अपवादात. ‘सुरक्षितपणे थांबता येणारच नाही’ हे ठरवायचे कोणी आणि कशावरून? पुढचा चौक जवळ येतोय, दिवा हिरवा आहे, आणि अचानक तो पिवळा होतो. चालकाच्या हातात एखादा सेकंद असतो. त्याचे उत्तर मनाच्या कौलापेक्षा शाळेतल्या गतीच्या गणिताने जास्त नीट मिळते.

एक उदाहरण सोडवून पाहू. रस्ता सरळ, सपाट आणि कोरडा. गाडी छोटी, मारुतीच्या आकाराची. वेग ताशी 50 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. चौकातला पिवळा दिवा 3 सेकंदांचा आहे. शहरांतल्या बऱ्याच सिग्नलवर तो एवढाच असतो.

दिवा पिवळा झाल्याचे डोळ्यांना दिसणे, मेंदूने निर्णय घेणे आणि पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर जाणे, याला सावध चालकाला सुमारे 1 सेकंद लागतो. सिग्नलचे वेळापत्रक बसवणारे अभियंतेही हाच आकडा धरतात. त्या सेकंदात गाडी तशीच 14 मीटर पुढे सरकते. मग ब्रेक लागतो. आतल्या माणसांना धक्का न बसता, मागच्या सीटवरची पिशवी खाली न पडता गाडी थांबवायची तर तिचा वेग दर सेकंदाला सुमारे 3 मीटर प्रतिसेकंद या हिशेबाने कमी व्हावा लागतो. या गतीने 50 वरून शून्यावर यायला आणखी 32 मीटर लागतात. एकूण झाले 46 मीटर. दिवा पिवळा होताना रेषा 46 मीटरांहून लांब असेल तर गाडी आरामात थांबते, आणि मग कायद्याने थांबलेच पाहिजे.

आता उलट बाजू. चालकाने थांबायचे नाही असे ठरवले आणि त्याच वेगाने गाडी पुढे नेली, तर पिवळ्याच्या 3 सेकंदांत तो सुमारे 42 मीटर जातो. म्हणजे रेषा 42 मीटरांच्या आत असेल तर तो लाल लागण्याआधी ती ओलांडतो.

घोटाळा आहे तो 42 आणि 46 यांच्या मधल्या पट्ट्यात. समजा दिवा बदलला तेव्हा गाडी रेषेपासून 44 मीटरांवर होती. चालक शांतपणे ब्रेक लावून थांबू लागला तर गाडी रेषेपलीकडे 2 मीटर, झेब्रा क्रॉसिंगवर जाऊन थांबेल. तसाच पुढे गेला तर रेषा दोन-अडीच मीटरांवर असताना लाल लागेल. दोन्ही बाजूंनी चूक त्याचीच, पण त्याने ना वेगमर्यादा मोडली ना लक्ष दुसरीकडे ठेवले. पिवळा दिवा त्या वेगाला अपुरा होता, एवढेच.

या पट्ट्याचा शोध 1960 साली लागला, तोही भौतिकशास्त्रज्ञांना. डेनोस गॅझिस, रॉबर्ट हर्मन आणि अलेक्सेई मराडुडिन या तिघांनी पिवळ्या दिव्याच्या समस्येवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. गॅझिस आणि हर्मन जनरल मोटर्स या मोटार कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत होते. यातले हर्मन म्हणजे तेच, ज्यांनी राल्फ अल्फर यांच्यासोबत 1948 मध्ये विश्वाच्या जन्मापासून उरलेली मंद उष्णता आजही अवकाशात सर्वत्र असली पाहिजे, असे भाकीत केले होते. ती उष्णता पुढे खरोखर सापडली आणि शोधणाऱ्या दोघांना 1978 चे नोबेल पारितोषिक मिळाले. विश्वाच्या जन्माचा विचार करणाऱ्या माणसाने मग सिग्नलपाशी अडकलेल्या मोटारीचे गणित सोडवले, आणि तेही तितक्याच गांभीर्याने. त्या तिघांनी मांडलेल्या त्या पेचाच्या पट्ट्याला पुढे वाहतूकशास्त्रात स्वतःचे नावही मिळाले, आणि पिवळा दिवा किती सेकंदांचा असावा याचे जे सूत्र आज जगभर वापरले जाते त्याचा पाया त्यांच्याच निबंधात आहे.

सूत्र साधे आहे. प्रतिक्रियेचा 1 सेकंद, अधिक वेग भागिले ब्रेकच्या गतीची दुप्पट. ताशी 40 साठी उत्तर येते 2.9 सेकंद, 50 साठी 3.3 आणि 60 साठी 3.8. जर्मनीत हे आकडे सरळ नियमातच घालून दिले आहेत. ताशी 50 ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर पिवळा 3 सेकंद, 60 वर 4 आणि 70 वर 5.

आता 3 सेकंदांचाच दिवा धरून वेग बदलत गेले की काय होते ते पाहण्यासारखे आहे. ताशी 40 वेगाला थांबायला 32 मीटर लागतात आणि 3 सेकंदांत गाडी 33 मीटर जाते. पेचाचा पट्टा नाहीसा झाला! कुठेही असा, थांबता तरी येते किंवा निघता तरी येते. ताशी 60 ला मात्र थांबायला 63 मीटर लागतात आणि 3 सेकंदांत जाता येते 50 मीटर. पट्टा 13 मीटरांचा, म्हणजे तीन गाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढा. वेग दीडपट झाला तर पेच दीडपट होत नाही, कारण ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते.

म्हणून पिवळ्याला काय करायचे हा निर्णय खरे तर दिवा पिवळा होण्याआधीच घ्यायचा असतो. चौक दिसला, दिवा बराच वेळ हिरवा आहे असे लक्षात आले की वेग 40 च्या आसपास आणायचा. बराच वेळ हिरवा असलेला दिवा हा लवकरच बदलणारा दिवा असतो, हे गाडी शिकवणारे चांगले प्रशिक्षक पहिल्याच आठवड्यात सांगतात. तो लांबून हिरवा दिसला म्हणून वेग वाढवणारा चालक स्वतःच्या हाताने तो 13 मीटरांचा पेच तयार करत असतो.

दुसरी पायरी म्हणजे एक खूण मनात पक्की करणे. ताशी 40 ला थांबण्याचे अंतर 32 मीटर, म्हणजे छोट्या गाडीच्या आठ लांब्या. बऱ्याच शहरी रस्त्यांवर पथदिव्यांचे दोन खांब एकमेकांपासून पंचवीस-तीस मीटरांवर असतात, त्यामुळे रेषेच्या जवळचा खांब सोडून त्याच्या आधीचा खांब हीही बऱ्यापैकी खूण होते. रोजच्या वाटेवरच्या चौकात एखादे दुकान, झाड किंवा बसथांबा ठरवून ठेवता येतो. त्या खुणेच्या अलीकडे दिवा बदलला तर थांबायचे. खूण मागे पडल्यावर बदलला तर त्याच वेगाने, डावी-उजवीकडे पाहत, चौक पार करायचा. एवढा निर्णय आधीच झालेला असला की त्या एका सेकंदात विचार करावा लागत नाही, फक्त कृती उरते.

तिसरी पायरी मागचा आरसा. चौक जवळ येताना, दिवा अजून हिरवा असतानाच, आरशात एकदा पाहायला हवे. मागे बस बंपरला चिकटून येत असेल तर अचानक थांबणे धोक्याचे. पण याचा अर्थ पिवळ्यात निघून जावे असा नाही. याचा अर्थ, आधीपासून वेग हळूहळू कमी करावा, ब्रेकला हलका स्पर्श करून मागचे लाल दिवे लावावेत आणि मागच्याला आपला बेत कळू द्यावा. ब्रेक दाबण्याआधी तो दाबणार असल्याचे सांगण्याचा चालकाकडे तोच एक मार्ग असतो.

आणि चौथी गोष्ट: एकदा ठरवले की मन बदलायचे नाही. थांबायला लागून मध्येच पुन्हा रेस देणारा चालक मागच्याला, समोरच्याला आणि पायी चालणाऱ्याला, सगळ्यांनाच फसवतो.

पिवळा दिसताच रेस वाढवली तर काय होते, हेही त्याच गाडीवर पाहू. ताशी 50, अंतर 44 मीटर. प्रतिक्रियेचा सेकंद गेला, मग चालकाने ॲक्सिलरेटर दाबला. छोटी गाडी दर सेकंदाला दीड मीटर प्रतिसेकंद इतका वेग वाढवते असे धरले, तर उरलेल्या 2 सेकंदांत तिला 3 मीटरांची कमाई होते. लाल लागायच्या क्षणी ती जेमतेम रेषेवर पोचते. पण आता तिचा वेग ताशी 61 आहे. म्हणजे 3 मीटरांसाठी चालकाने टक्कर झाल्यास बसणारा फटका जवळजवळ दीडपट केला, आणि तोही अशा क्षणी की आडव्या रस्त्यावरच्या दुचाक्या हिरव्यासाठी पुढे सरकू लागलेल्या असतात. त्याच ठिकाणी ब्रेक थोडा जास्त जोरात दाबला असता तर? प्रतिक्रियेनंतर 30 मीटर उरतात. त्यात थांबायला नेहमीच्या 3 ऐवजी 3.2 चा ब्रेक पुरतो. गाडीतल्या माणसाला फरकही जाणवणार नाही. कोरड्या रस्त्यावर चांगले टायर याच्या दुपटीहून जास्त पकड देऊ शकतात. थोडक्यात, कोरड्या रस्त्यावर आणि शहरी वेगाला, ‘थांबता येणारच नव्हते’ ही सबब गणिताच्या परीक्षेत फार वेळा नापास होते.

पावसात मात्र ती पास होते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिळून जो बुळबुळीत थर होतो त्यावर दुचाकी किती पकड देईल याचा भरवसा नाही. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि थांबण्याची रेषा हीच ओली झाल्यावर सर्वांत निसरडी जागा असते. नेमक्या तिथेच जोरात ब्रेक लावला की चाक सुटते. 1 एप्रिल 2019 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या 125 सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा, तर 125 सीसी आणि त्याखालच्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा सक्तीची झाली. पण रस्त्यावर त्याआधीच्या गाड्या अजून आहेत, आणि फक्त मागचाच ब्रेक दाबण्याची सवय तर त्याहून जुनी. पावसात दुचाकीसाठी उपाय एकच, चौकाच्या आधीचा वेग 30 वर आणणे. 30 ला 3 सेकंदांत गाडी 25 मीटर जाते. ब्रेकची पकड नेहमीच्या दोन-तृतीयांशच मिळाली तरी सुमारे 26 मीटरांत थांबता येते. पेचाचा पट्टा पुन्हा जवळपास मिटतो.

बसचे गणित याहून अवघड. दांडीला धरून उभे असलेले प्रवासी 3 च्या ब्रेकने एकमेकांवर आदळतील. त्यांच्यासाठी चालकाला त्याच्या निम्म्या गतीने थांबावे लागते, आणि मग ताशी 40 वरून थांबायला तब्बल 52 मीटर लागतात. 3 सेकंदांत मात्र बस जाते 33 मीटर. मधल्या 19 मीटरांत सापडलेल्या बसच्या चालकाला शिव्या देण्याआधी हे आठवायला हरकत नाही. उतारावरही असेच. 100 मीटरमागे 4 मीटरचा उतार असेल तर गुरुत्वाकर्षण ब्रेकच्या विरुद्ध ओढते आणि ताशी 50 वेगाला थांबण्याचे अंतर 46 वरून 51 मीटरांवर जाते.

कमी वेगातली गंमत वेगळीच. ताशी 30 ला, कोरड्या रस्त्यावर, 20 मीटरांत थांबता येते आणि 25 मीटरांवरूनही वेळेत निघता येते. म्हणजे 20 ते 25 मीटरांच्या पट्ट्यात दोन्ही शक्य. पेच नाही, उलट निवड आहे, आणि अपघात इथेही होतात. पुढचा कायद्याप्रमाणे थांबतो, मागच्याने ठरवलेले असते की आपण दोघेही निघणार. गाडी मागून आदळते. दोन्ही शक्य असतील तेव्हा कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे, थांबणे. पुढचा थांबणारच, असे धरून मागच्याने अंतर ठेवायचे असते.

चौकात लाल दिव्याचे कॅमेरे बसवल्यावर हा प्रकार आकड्यांत दिसला. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाने 2005 मध्ये अशा कॅमेऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आडव्या टकरी सुमारे 25 टक्क्यांनी घटल्या होत्या, पण मागून बसणाऱ्या धडका सुमारे 15 टक्क्यांनी वाढल्या होत्या. आडव्या टकरीत दाराच्या पत्र्यापलीकडे माणूस असतो, मागून बसलेल्या धडकेत डिकी असते. त्यामुळे हिशेब एकूण फायद्याचाच निघाला. तरीही दंडाच्या भीतीने कचकन ब्रेक लावणाऱ्यांची ती किंमत होती.

दिव्याची वेळ वाढवली तर? फिलाडेल्फियात दोन चौकांवर हे करून पाहिले गेले आणि निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. पिवळा सुमारे 1 सेकंदाने वाढवताच लाल दिवा तोडण्याचे प्रमाण 36 टक्क्यांनी घटले. कोणालाही दंड नाही, भाषण नाही. म्हणजे लाल तोडणाऱ्यांत निव्वळ बेदरकार लोकांबरोबर त्या पेचाच्या पट्ट्यात सापडलेलेही बरेच होते. त्यानंतर कॅमेरे बसवल्यावर उरलेल्यांतले तब्बल 96 टक्के कमी झाले. अभियंत्याचे काम अभियंत्याने केले की मग पोलिसांच्या कामाला अर्थ येतो, असा या दोन आकड्यांचा क्रम आहे. आपल्या शहरांत मात्र कॅमेरे आणि ई-चलान आधी येतात आणि पिवळ्याच्या सेकंदांची चर्चा क्वचितच होते.

पिवळ्यानंतरचा एक भाग चालकांना सहसा दिसत नाही. नीट आखलेल्या सिग्नलवर एका बाजूचा लाल लागला की दुसऱ्या बाजूचा हिरवा त्याच क्षणी लागत नाही. मध्ये एक-दोन सेकंद सगळीकडे लाल असतो. पिवळ्याच्या अखेरीस आत शिरलेल्या गाडीला चौक पार करायला हा वेळ दिलेला असतो. 24 मीटर रुंद चौक आणि 4 मीटर लांब गाडी, तर ताशी 50 ने बाहेर पडायला 2 सेकंद लागतात. ही उसंत ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याऐवजी ती समोरचे लोकच खाऊन टाकतात. लाल दिव्यावरचे आकडे उलटे मोजत 3, 2, 1 वर आले की दुचाक्यांची पहिली रांग हलते. पिवळ्यात उशिरा शिरणारा आणि हिरव्याआधी लवकर निघणारा, हे दोघे नेमके त्या मोकळ्या दोन सेकंदांत भेटतात. सेकंदांचे आकडे दाखवणारा टायमर थांबलेल्या माणसाला इंजिन बंद करायला सांगतो हे चांगले. पण हिरव्याचे उरलेले सेकंद दाखवले की लांबून येणारा चालक तेवढ्यात निघण्यासाठी वेग वाढवतो, आणि पिवळ्यापर्यंत तो 60 च्या पट्ट्यात पोचलेला असतो.

कायद्याचा बडगा कुठे पडतो, हेही नेमके समजून घ्यायला हवे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने कलम 184 मध्ये लाल दिवा तोडणे हे धोकादायक वाहन चालवण्याचे उदाहरण म्हणून स्पष्टपणे घातले. त्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला 6 महिने ते 1 वर्ष कैद किंवा 1000 ते 5000 रुपये दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. कॅमेरे साधारणतः लाल लागल्यानंतर रेषा ओलांडणाऱ्या गाडीची नोंद करतात. पिवळ्यात रेषा ओलांडून मध्यावर लाल लागला तर घाबरून चौकाच्या मध्येच थांबू नये, सावधपणे बाहेर पडावे. पण चौकापलीकडचा रस्ता गाड्यांनी तुंबलेला असेल, तर पिवळाच काय, हिरवा असतानाही आत शिरू नये. तिथे अडकलेली गाडी आडव्या रस्त्याचा पूर्ण हिरवा खाते. रात्री उशिरा लुकलुकणारा पिवळा ही वेगळीच गोष्ट. तिथे थांबायची सक्ती नाही. वेग कमी करावा, दोन्ही बाजू पाहाव्यात आणि सावकाश निघावे.

पिवळ्या दिव्याच्या इतिहासातले अलीकडचे सगळ्यात नाट्यमय प्रकरण मात्र अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातले आहे. 2013 मध्ये तिथल्या बीव्हर्टन शहरात एका महिलेला कॅमेऱ्याने वळताना लाल दिवा तोडल्याचा दंड लावला. तिचे पती मॅट्स यार्लस्ट्रोम मूळचे स्वीडनचे, इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. दंड भरून मोकळे होण्याऐवजी ते गणित करायला बसले. त्यांना आढळले की 1960 चे सूत्र सरळ जाणाऱ्या गाडीसाठी आहे. सरळ जाणारी गाडी वेग कमी करत नाही. वळणारी करते. म्हणून तिला रेषेपर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो, पण पिवळा दोघींना तेवढाच मिळतो.

त्यांनी हे राज्याच्या अभियांत्रिकी मंडळाला लिहिले. मंडळाने गणित तपासायचे सोडून त्यांनाच 500 डॉलरचा दंड ठोठावला. परवाना नसताना स्वतःला अभियंता म्हणवून घेत अभियांत्रिकी केली, हा गुन्हा! 1960 च्या निबंधाचे एक लेखक मराडुडिन स्वतः यार्लस्ट्रोम यांच्या बाजूने उभे राहिले. आपले सूत्र वळणाऱ्या गाड्यांना चुकीच्या पद्धतीने लावले जात आहे, असे त्यांनी लिहून कळवले. प्रकरण संघराज्याच्या न्यायालयात गेले आणि डिसेंबर 2018 मध्ये निकाल यार्लस्ट्रोम यांच्या बाजूने लागला. 2020 मध्ये वाहतूक अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने पिवळ्याच्या वेळेसंबंधी नवी मार्गदर्शक सूचना काढली, तीत वळणाऱ्या गाड्यांसाठीचे त्यांचे विस्तारित सूत्र घेतले.

हे आपल्याकडच्या उजव्या वळणाला जसेच्या तसे लागू पडते. तीच छोटी गाडी, वेग ताशी 50, पण आता उजवीकडे वळायचे आहे आणि वळण 25 ने घ्यायचे आहे. थांबण्याची शेवटची संधी असलेल्या 46 मीटरांच्या खुणेवर दिवा पिवळा झाला. प्रतिक्रियेच्या सेकंदात 14 मीटर गेले. मग 50 वरून 25 वर येण्यात 24 मीटर आणि 2.3 सेकंद गेले. उरलेले 8 मीटर 25 च्या वेगाने कापायला आणखी 1.2 सेकंद. एकूण साडेचार. दिवा 3 सेकंदांचाच असेल तर ती गाडी रेषेवर पोचण्याआधी दीड सेकंद लाल लागून गेलेला असतो. वळणाऱ्या चालकाला यातून सुटायचे असेल तर वेग बराच आधी, दिवा हिरवा असतानाच, 30 च्या खाली आणावा लागतो आणि खूण रेषेपासून 15-20 मीटरांवर आणावी लागते. मग पिवळा दिसताच त्या खुणेच्या अलीकडे असला तर तो निवांत थांबतो, आणि पलीकडे असला तर 3 सेकंदांत वळणाच्या वेगानेही रेषा ओलांडतो.